दूध उतू गेलं त्या तारखेपासून

"दूध उतू गेलं त्या दिवसापासून भाडं. त्यात विचारूलालाय काय?"

"पण मी राहायला आज येतोय, काकू. आज एकवीस तारीख."

"तुमी कवा का या की! आज या, न्हाईतर पुढच्या आमुशाला या. घर तुमचं झालं अकरा तारखेला. चूल पेटली, दूध वर आलं, उतू गेलं. दूध तुमचं, उतू गेलं ते तुमच्या नावानं. आणि भाडं कुणी भरायचं? माझ्या नवऱ्यानं? तो जाऊन बारा वर्सं झाली."

पद्माक्का जगलीवर पाय पसरून बसली होती आणि मिरच्यांची देठं खुडत होती. जगली म्हणजे घरापुढचा दगडी ओटा. बसवनगुडीतल्या त्या गल्लीत प्रत्येक घराला जगली होती, पण पद्माक्काच्या जगलीवर माणसापेक्षा मिरच्याच जास्त दिसायच्या. लाल ब्याडगी, वाळून खडखडीत झालेली. बाई ती भाजायची, कुटायची आणि चटणीची न् साराची पुडी करून पुडे बांधून घरोघर विकायची. तिच्या घरावरून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढं जात नसे.

पुढ्यात उभा होता तो चंद्रकांत रिसबूड. पुण्याचा, तिशीच्या आतला, सरकारी कारखान्यात नवा लागलेला इंजिनिअर. मागं रस्त्यावर जटका उभा होता. जटक्यात दोन ट्रंका, एक वळकटी, एक स्टोव्ह, आणि ट्रंकेवर अंग चोरून बसलेली त्याची बायको कल्पना. आदल्या दिवशीच ती पुण्याहून आली होती. घोडं शेपटीनं माश्या मारत होतं, आणि जटकेवाला दर घडीला "सार, स्वल्प लवकर" म्हणत होता.

"काकू, मी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं. एकवीसला येणार."

"सांगितलंसा. मी कुठं न्हाई म्हंते?"

"मग दूध तापवायला तुम्हीच लावलंत. आषाढ लागायच्या आत घर घेतलं पाहिजे म्हणालात. मी म्हटलं ठीक आहे, तुमची पद्धत असेल. मला वाटलं पूजा आहे."

"पूजाच की ती. घर घेण्याची पूजा."

दोघंही खोटं बोलत नव्हती. कानडी मुलखात नवं घर घेताना पहिल्यांदा चुलीवर दूध ठेवतात आणि ते उतू जाऊ देतात. ते झालं की घर त्या माणसाचं. आणि आषाढात कुणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. त्या साली अधिक श्रावण होता, त्यामुळं आषाढ लवकर आला, जूनच्या अठरालाच. म्हणून पद्माक्कानं घाई करून अकरा तारखेला, बुधवारी, ह्या एकट्या गड्याला वर माडीवर नेलं. शेगडी तिचीच. दूधही तिनंच आणलं, नंतर त्याचे पैसे घेतले. तोंड बांधून ठेवल्यासारखा तो चुलीपुढं बसला. दूध वर आल्यावर सवयीनं भांडं उतरवायला गेला आणि बोटं भाजून घेतली. "सोडा! सोडा! जाऊ दे की उतू!" म्हणून अक्का ओरडली. मग ताटात हळदकुंकू लावून ठेवलेली किल्ली तिनं त्याच्या हातात दिली. पन्नास रुपये त्यानं बोली पक्की केल्याचे दिले.

भाडं कुठल्या तारखेपासून, हे त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. त्याला वाटलं, राहायला येईन तेव्हापासून. तिला वाटलं, हे काय सांगायचं? पाऊस वरून पडतो म्हणून कुणी सांगतं?

"किल्ली घेतलीसा का न्हाई हातात?" ती म्हणाली.

"घेतली, आणि तिथल्या तिथं तुम्हालाच परत दिली. चुना मारायचा होता तुम्हाला. दहा दिवस किल्ली तुमच्या कमरेला होती. त्या दहा दिवसांत मला वर पाय ठेवता आला असता का? शिडी, बादल्या, तो तुमचा देवाप्पा..."

पद्माक्काचा हात मिरचीवर थांबला. हे खरं होतं. सुण्णा, म्हणजे चुना, मारणारा देवाप्पा कालपर्यंत वरच होता.

"चुना कुणासाठी मारला?" ती म्हणाली. "माझ्यासाठी? मी खाली ऱ्हाते."

रिसबूडनं खिशातनं पेन काढलं. इंजिनिअर तो. "हे बघा. भाडं साठ रुपये. जूनचे दिवस तीस. म्हणजे रोजचे दोन रुपये. एकवीस ते तीस, दोन्ही दिवस धरून दहा दिवस. वीस रुपये. एक जुलैपासून पुढं पूर्ण महिना, साठ."

"रोजचं दोन मलाबी येतं. अकरा ते तीस किती झालं, ते करा."

"वीस दिवस. चाळीस."

"मग चाळीस ठेवा. आणि अडव्हान्स तीनशे, त्यात पन्नास पोचले, ऱ्हायले अडीचशे. ठेवा आणि घ्या किल्ली."

"नाहीतर असं करा," तो म्हणाला, "तीनशेतूनच हे जूनचं भाडं कापून घ्या. वाद नको."

"अडव्हान्सला हात लावायचा न्हाई! ते घर सोडताना जसंच्या तसं परत मिळतं. त्यातनं भाडं खाल्लं तर तुमी उद्या काच फोडलीसा, बिल बुडवलंसा, मी कशातनं घेऊ?"

"जसंच्या तसं?" रिसबूड जगलीच्या टोकाकडं बघून म्हणाला. "मग यांचे कुठं आहेत?"

जगलीच्या टोकाला खांबाला टेकून एक माणूस बसला होता. छत्री मांडीवर, डोळे जमिनीला. हयवदनराव. माडीवरचा आधीचा भाडेकरू.

बाईचा चेहरा मिरचीसारखा झाला.

हयवदनराव एका छापखान्यात अक्षरं जुळवायचा. आठ वर्षं तो आणि त्याची बायको विमला त्या माडीवर राहिली. मूलबाळ नाही. विमलाच्या पोटात गाठ निघाली आणि वर्षभरात बाईचं चिपाड झालं. साठ रुपये झेपेनात म्हणून मे संपताना त्यानं घर सोडलं. औषधपाण्याला जवळ पडेल अशा एका ओळखीच्या घरात मागची खोली घेतली. तीनशे रुपये अडव्हान्स परत मिळाला की त्यातनं ऑपरेशन करायचं, असा बेत होता. एका खासगी नर्सिंग होमात डॉक्टरनं सांगितलं होतं, अडीचशे आधी भरा, बुधवारी करू.

पण पद्माक्काकडं ते तीनशे नव्हते. पाच वर्षांपूर्वी मुलीच्या, हेमलताच्या, लग्नात गेले. त्यात बाईनं कुणाला फसवलं असं नाही. त्या गल्लीत, त्या शहरात सगळे असंच करायचे. येणाऱ्या भाडेकरूचा अडव्हान्स जाणाऱ्याच्या हातात पडतो. मधे मालकाच्या पेटीत तो कधीच नसतो. नांगरट झालेल्या रानातलं पाणी जसं एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात. मधे कुणी दगड टाकला की पुढचं वाळतं.

"अक्का," हयवदनराव हलकेच म्हणाला. तो देशस्थ, पण बोलण्यात निम्मं कानडी. "ते वीस रुपये सोडा हो. सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत भरायचेत. नाहीतर खाट दुसऱ्याला देणार म्हणालेत."

"तुमी गप बसा, राव. तुमचे पैसे तुमाला मिळणार. पुरे तीनशे मिळणार. चुन्याचंसुद्धा कापणार न्हाई म्हणून विमलाला सांगून ठेवलंय मी. जीभ माझी एकच हाय."

म्हणजे गोष्ट अशी होती. घर सोडणाऱ्याच्या अडव्हान्समधून चुन्याचे पैसे कापायचे, ही रीत. देवाप्पानं वीस रुपये घेतले होते. विमलाची हालत बघून अक्कानं ते सोडले. सोडले म्हणजे हवेत गेले नाहीत. कुणाच्या तरी अंगावर यायचेच होते. तिचं मन ते ह्या पुण्याच्या पोराच्या अंगावर टाकून मोकळं झालं होतं. तो सरकारी कारखान्यात होता. त्याला काय होतंय?

"अर्धं-अर्धं करू," जटक्यातनं कल्पना म्हणाली. "तीस घ्या ना काकू. आम्हीही दमलोय."

"अगं, थांब तू," रिसबूड म्हणाला. त्याचाही आवाज आता चढला होता. "तीस का? एकही दिवस मी इथं राहिलो नाही. आज दहा रुपये सोडले तर उद्या नळाचे मागतील. हे बघा काकू, पैसे तयार आहेत. अडीचशे आणि वीस. किल्ली आणि पावती द्या, आत्ता देतो. नाहीतर मी लॉजवर जातो."

"जावा."

"नुसते दोनशे पन्नास घ्या अक्का, भाड्याचं मागनं बघू," हयवदनराव उठून उभाच राहिला.

"मागनं म्हणजे कवा? घरात शिरलेल्या माणसाकडनं मागनं काय निघतंय? शिरायच्या आधी निघतंय ते निघतंय."

रिसबूडनं हात जोडले, जटक्यात चढला. घोडं वळलं. कल्पनानं मागं वळून पाहिलं, आणि तिला शिंक आली.

आता ह्या बाईला दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही. तिची भाषा ऐकून पुण्याचा माणूस हसेल. हसू दे. तिचे पूर्वज घोड्यावर बसून इथं आले तेव्हापासून ती भाषा ह्या मातीत आहे, पुण्याला विचारून ती बोलत नाही. पण दिवसाचा हिशेब ती कुठं शिकली, ते ऐकण्यासारखं आहे.

तिचा नवरा कृष्णाजी चिक्कपेटेत एका रेशमाच्या पेढीत मुनीम होता. बावीस वर्षं एकाच गादीपाशी बसला. एका महिन्यात अठरा तारखेला सकाळी अंघोळ करून पेढीवर गेला, गादीवर बसला आणि तिथंच आडवा झाला. दुपारी त्याला हातगाडीवर घालून घरी आणला. तेराव्यानंतर पद्माक्का पेढीवर गेली. मालक चांगला बोलला, डोळ्याला उपरणं लावलं, आणि सतरा दिवसांचा पगार मोजून दिला.

"अठरा?" तिनं विचारलं.

"अठरावा दिवस भरला नाही ना, बाई," मालक म्हणाला. "अकराच्या आत गेला."

ती उठली. सतरा दिवसांचे पैसे पदरात बांधून घरी आली. त्याच आठवड्यात तिनं मिरच्यांचं पहिलं पोतं उचललं, आणि स्वतः मागच्या अंधाऱ्या खोलीत राहून माडी भाड्यानं लावली. तेव्हापासून कुणाचा एक दिवस तिनं सोडला नाही, आणि आपलाही कुणाला बुडवू दिला नाही. अपवाद एकच. दीराचा लग्नाळू पोरगा एकदा महिन्याच्या मधे माडीवर राहायला आला होता. "आठ दिवसांचं काय मागतेस काकी?" म्हणाला. तिनं मागितलं नाही. तो आठ महिने फुकट राहिला, आणि जाताना पाण्याचा हंडा घेऊन गेला. त्यानंतर मात्र दगड.

"येतोय बगा तो," ती हयवदनरावला म्हणाली. "उद्या सकाळी येतोय. बायको आल्यावर गडी लॉजात किती दिवस ठेवतोय? आणि जातोय कुठं? आषाढ लागला. ह्या महिन्यात त्याला दुसरं घर कोण देणार? दूध इथं उतू गेलंय."

"तुमालाही दुसरा भाडेकरू कोण मिळणार, अक्का?"

"म्हणूनच म्हंते, त्याला यायला पाहिजे."

ते बरोबर होतं. आषाढानं दोघांनाही एकाच दाव्याला बांधलं होतं. फक्त दाव्याचा फास तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात होता. हे पद्माक्काला कळत नव्हतं असं नाही. पण तिचा हिशेब होता, की रविवारपर्यंत गडी वाकतो. सोमवार तर पुढंच आहे.

रविवारी तो आला नाही.

हयवदनराव आला. सकाळी आला, जगलीच्या टोकाला बसला. तिनं कॉफी दिली. त्यानं ती प्यायली, पेला धुऊन पालथा ठेवला.

"विमला कशी हाय?"

"रात्री ओकते. सकाळी विचारते, अक्कानं दिले का म्हणून." त्यानं छत्री मांडीवर ओढली. "मी म्हणतो, देणारच आहेत."

पद्माक्का उखळापाशी गेली. मुसळ उचललं. त्या दिवशी पुडी फार बारीक निघाली.

दुपारी ती वर माडीवर गेली. चुना वाळून पांढरा झाला होता. खोली नव्या वहीसारखी दिसत होती. एका ठिकाणी सोडून. पलंग असायचा त्या बाजूला, बसल्या माणसाचं डोकं टेकतं तेवढ्या उंचीवर, एक पिवळट गोल डाग चुन्यातनं वर आला होता. आठ महिने विमला तिथं टेकून बसायची, रात्री झोप येईना म्हणून. केसांचं तेल भिंतीत मुरलं होतं. देवाप्पानं दोन हात दिले होते. दोन्ही हातांतनं ते वर आलं होतं.

अक्कानं अंगठ्यानं घासून बघितलं. चुना निघाला, डाग राहिला.

सोमवारी सकाळीही रिसबूड आला नाही. दुपारी दोनला हयवदनराव आला. आज बसला नाही. छत्री हातात धरून रस्त्यावरच उभा राहिला.

"काय करू अक्का?"

पद्माक्कानं मिरच्यांवर पोतं टाकलं, हात धुतले आणि चपला घातल्या. "तुमी जावा, डॉक्टरला सांगा, पैसे आणूलालेत म्हणून. मी जाते त्याच्या लॉजवर. न्हाई मिळालं चाळीस तर न्हाई. वीस घेते. वीसबी नको. अडीचशे घेते, माझे पन्नास घालते, आणि येते."

बोलीचे ते पन्नास बाईनं खर्चले नव्हते. डब्यात होते. ते घेतले, कमरेची किल्ली चाचपली आणि बस धरली. त्या पुतण्यानंतर पहिल्यांदाच ती दिवस सोडायला निघाली होती.

मॅजेस्टिकच्या गजबजलेल्या भागात एका गल्लीत ते लॉज होतं; पत्ता त्यानं बोली करतानाच दिला होता. खाली हॉटेल, वर खोल्या. काउंटरवरच्या माणसानं कानडीत सांगितलं, पुण्याचे सार ना? ड्यूटीवर गेले. बाईसाहेबांना काल त्यांच्या एका सोबत्याच्या घरी ठेवलंय, हेब्बाळला. इथं ढेकूण आहेत म्हणाल्या. सार रात्री तिकडंच जातील.

"हेब्बाळला कुठं?"

त्याला माहीत नव्हतं. "तळ्याच्या बाजूला म्हणत होते."

तिनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. हेब्बाळ शहराच्या पार वरच्या टोकाला. कारखाना तिसऱ्याच दिशेला, आणि दारावरचा शिपाई मिरच्यावाल्या बाईला आत सोडणार नव्हता. ती हॉटेलच्या पायरीवर बसली. हिशेब पक्का केला होता तिनं, की बायको आल्यावर गडी लॉजात किती दिवस ठेवतोय. बरोबरच होतं. त्यानं बायकोला लॉजात ठेवलंच नव्हतं.

सहा वाजेपर्यंत ती तिथंच बसली. साडेसहाला उठून बस धरून घरी आली. जगलीवर कुणी नव्हतं.

मंगळवारी सकाळी, ड्यूटीच्या आधी, जटका दारात आला. रिसबूड उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल. कल्पना त्याच्या मागं. अक्का जगली झाडत होती. तिनं झाडू खाली ठेवला. सांगायचं तोंडावर आलं होतं. वीस द्या, चुकलं माझं, किल्ली घ्या. एवढंच सांगायचं होतं. पण तोंड उघडायच्या आतच रिसबूडनं नोटा जगलीवर ठेवल्या.

"हे अडीचशे. हे चाळीस. तुमच्या दुधाचे वीस दिवस. पावती द्या."

"अहो..." कल्पना म्हणाली.

"असू दे. लोकांच्या घरी रात्री काढतोय. लॉजचं भाडं चालूच आहे, सामान तिथं आहे म्हणून. तीन दिवसांचे नऊ रुपये तिथं गेले. कशासाठी भांडलो मी?" तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "जिंकलात तुम्ही काकू."

पद्माक्कानं नोटा उचलल्या. त्यातले दोन दहाचे कागद वेगळे करून परत ठेवायचे, असं तिच्या मनात आलं. मग हातच थांबला. पेढीवरच्या मालकानं मोजलेले सतरा दिवस आठवले, की हंडा घेऊन गेलेला पुतण्या आठवला, की काहीच आठवलं नाही, नुसतं जडत्व, सांगता येत नाही. तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं. पावती दिली. जूनच्या अकरापासून तीसपर्यंत, चाळीस रुपये. अडव्हान्स तीनशे, घर सोडताना परत. किल्ली दिली.

ट्रंका वर गेल्या. स्टोव्ह वर गेला.

पैसे पदरात बांधून ती निघणार, एवढ्यात हयवदनराव गल्लीच्या तोंडाशी दिसला. हळूहळू येत होता. छत्री नव्हती. आला आणि उभा राहिला.

"आले, राव, आले!" ती म्हणाली. "मीच निघाले होते. घ्या. पुरे तीनशे हाईत. पळा, डॉक्टरकडं पळा."

त्यानं पैसे घेतले. मोजले नाहीत.

"खाट दिली काल," तो म्हणाला. "सात वाजता. तुमकूरचा कोणी आलाय. डॉक्टर महिनाभर परगावी चाललेत. आल्यावर बघू म्हणाले. आल्यावर..." त्यानं हातानंच पुढचं पुसलं. "तिचा भाऊ आनेकलला असतो. चारच्या बसनं नेतो तिला. तिथं निदान मोकळी हवा आहे. माणसं आहेत."

"मोठ्या इस्पितळात बगा की! सरकारी!"

"तिथं कधीचं नाव घातलंय. दीड महिना झाला."

अक्कानं खांब धरला. "सोमवारी मी गेले होते. लॉजवर. सहा वाजेस्तवर बसले. तो नव्हता. देवाशपथ, राव, मी सगळं सोडायला गेले होते."

"गेलात म्हणून कळलं," तो म्हणाला. "शेजारच्यांनी सांगितलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईनं शिव्या घालून तो परतवला असता, आणि दोघांनाही बरं वाटलं असतं.

त्यानं तीनशेतनं दोन दहाच्या नोटा काढल्या आणि जगलीवर ठेवल्या. वाऱ्यानं जाऊ नयेत म्हणून वर मिरच्यांच्या पोत्यावर ठेवायचा दगड ठेवला.

"हे काय?"

"चुन्याचे. रीत आहे ती."

"मी सोडलं म्हणून सांगितलं होतं! विमलाला सांगितलं होतं!"

"तिनंच सांगितलंय. भिंतीला डोकं टेकून तिनं घाण केली, म्हणते. अक्काचं नुकसान नको." तो वळला. "येतो, अक्का. स्वल्प घाई आहे. जटका बघायचाय."

"राव! अहो राव!"

तो गेला. धावून त्याच्या मागं जायला पाहिजे होतं. ती दोन पावलं उतरलीही. पण गल्लीत लोक बघत होते, आणि पैसे घेऊन एका माणसाच्या मागं पळणारी पद्माक्का त्या गल्लीनं कधी बघितली नव्हती. ती परत वर आली.

दगडाखाली वीस. पदरातल्या चाळिसातही वीस. एकाच चुन्याचे दोनदा.

वरून कल्पनाचा आवाज आला. ती माडीच्या खिडकीत होती, पदर डोक्याला बांधलेला, हातात फडकं. "काकू, इथं भिंतीवर एक डाग आहे हो. पलंगाच्या बाजूला. पुसला तरी जात नाही. तुमच्या त्या देवाप्पाला सांगून अजून एक हात मारून घेता का? पैसे हवे तर आम्ही देऊ."

"नको," पद्माक्का खालनं म्हणाली. "पैसे नको."

"मग मारून घेता ना?"

"तेल हाय ते. भिंतीत मुरलंय. किती सुण्णा मारा, वरच येतंय."

"कुणाचं?"

पद्माक्का मिरच्यांकडं वळली. पोतं बाजूला केलं. ऊन वर आलं होतं, आणि कालच्या भिजल्या हवेनं मिरच्या जराशा मऊ पडल्या होत्या. त्या पुन्हा पसरल्या. खालच्या वर, वरच्या खाली. आतल्या अंगणात शेगडी पेटवली, कढई ठेवली, मूठभर मिरच्या टाकल्या. गल्लीतनं जाणारा दूधवाला शिंकला आणि सायकल सावरत पुढं गेला. माडीची खिडकी धाडकन बंद झाली.

मिरच्या काळ्या पडायच्या आत तिनं कढई उतरवली, उखळात ओतली, मीठ टाकलं आणि मुसळ उचललं.